पुढीलपैकी एकच पर्याय निवडा : प्रश्नावली तयार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फोनवरून सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांमध्ये ज्यांच्या हातून प्रश्न आणि पर्याय ठरतात, त्या सर्वांस

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ७१, राहणार नागपूर. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तुमच्यापैकी एका संस्थेचा फोन आला. ज्येष्ठ नागरिकांच्या परिस्थितीचा अभ्यास सुरू आहे, वीस मिनिटं द्याल का, असं एका मुलीनं विचारलं. मी हो म्हटलं. वीसाची चाळीस झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण असेच पर्याय मी दुसऱ्यांच्या फोनवरही ऐकले आहेत.

सगळं आटोपल्यावर मी तिला म्हटलं, "बाळा, तू काय काय भरलंस ते एकदा वाचून दाखव." ती जरा घुटमळली, पण तिनं वाचलं. तिच्या स्क्रीनवर एक बाई तयार झाली होती. विवाहित. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. घरात माणसं दोन. स्वतः निवृत्त, दुसऱ्या कोणाची जबाबदारी नाही. आजारपणात धावून येणारं कोणी नाही. मी ऐकत राहिले. मनात आलं, बिचारी! या बाईसाठी कोणीतरी काहीतरी करायला हवं. मग लक्षात आलं की ती मी आहे.

मी एकही उत्तर खोटं दिलं नव्हतं, आणि त्या मुलीनंही मनचं काही भरलं नव्हतं. तरी हे कसं झालं, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र. या कामातलं थोडं मलाही कळतं. १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांत मी प्रगणक होते. शिक्षकांना ही ड्यूटी चुकत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फेब्रुवारीत दारोदार फिरून, उभ्यानं फॉर्म भरलेले आहेत मी. प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बसलेली बाई आहे, एवढंच म्हणायचं आहे.

पहिला खोडा घरातच बसला. "मॅडम, तुमच्या कुटुंबात सदस्य किती?" मी म्हटलं, तीन. एक मी. दुसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वय ७८. घर त्यांच्या नावावर आहे. तिसरी वरच्या खोलीत राहणारी मुलगी. गडचिरोली जिल्ह्यातली आहे, नर्सिंगला शिकते. खोलीचं भाडं आम्ही घेत नाही. ती संध्याकाळी आमच्यात जेवते, येताना भाजी आणते आणि रोज वन्संना इन्सुलिन देते.

आता प्रत्येकाचं माझ्याशी नातं सांगायचं होतं. तिनं यादी वाचली : पती, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंड, आई-वडील, भाऊ-बहीण, घरकामगार. नणंद कुठेच नाही. ज्यांनी ही यादी केली त्यांच्या घरी नणंद नसावी, किंवा असली तरी सासरी सुखात असावी. "बहीण लावू का मॅडम?" असं मुलीनं विचारलं. वन्संनी बाजूच्या दिवाणावरून हात हलवून होकार दिला, म्हणून ते एक निभावलं. तिसरीसाठी मात्र उरलं फक्त 'घरकामगार'. ते मी लावू दिलं नाही. जी मुलगी रात्री-अपरात्री धावत खाली येते, तिला मोलकरणीत कशी मोजू? तेव्हा पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "मग मॅडम, त्या सदस्य नाही पकडल्या जात." आणि तीनाचे दोन झाले.

जनगणनेत आम्हाला घराची व्याख्या पाठ करायला लावली होती. सर्वसाधारणपणे जी माणसं एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब. कामाच्या अडचणीमुळे कोणाचं जेवण बाहेर होत असेल तरी तो त्यातलाच. रक्ताचं नातं असलंच पाहिजे, अशी अट त्यात नाही. शिवाय कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं आम्ही शब्दांत पूर्ण लिहायचो. कोणी 'चुलत सासऱ्याचा नातू' म्हणालं, तर तेच लिहायचं. त्याला आकडा कोणता द्यायचा ते नंतरचं. ती व्याख्या फार चांगली आहे असं मी म्हणत नाही. भिंत घालून चुली वेगळ्या केलेल्या भावांच्या घरात तिच्यावरून आमच्यासमोर भांडणं झाली आहेत. पण विचारणाऱ्याच्या हातात निदान एक नियम होता. तुमच्या मुलीच्या हातात नियम नव्हता, फक्त यादी होती. आणि यादीत जो बसला नाही, तो घराबाहेर गेला.

थोडं विषयांतर करते. सुरुवातीला तिनं विचारलं होतं की घरात साठीच्या वरचे दोघं आहेत, तर सगळ्यांत अलीकडे वाढदिवस कोणाचा झाला? ज्याचा झाला त्याची मुलाखत. मी कारण ओळखलं. घरात फोन उचलणारा माणूस नेहमी तोच असतो, म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड व्हावी यासाठी ही युक्ती. माझा वाढदिवस सप्टेंबरातला, म्हणून मी. पण वन्संची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या आईच्या आठवणीप्रमाणे त्या पोळ्याच्या आसपास जन्मल्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि वय बरोबर बसायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म असा रजिस्टरात झाला आहे. मीसुद्धा दाखलखारीज रजिस्टरात असे कितीतरी १ जून पाहिले आहेत. तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ही युक्ती लावलीत, तर घराघरांतून १ जूनवालेच तुमच्या हाती लागतील आणि तुम्हाला वाटेल चिठ्ठी टाकली. म्हाताऱ्या माणसांसाठी दुसरी काही रीत शोधा.

आता नवऱ्याचं. यावर मला फार बोलायला आवडत नाही, पण पर्याय कसे घसरतात ते इथेच नीट दिसतं.

"वैवाहिक स्थिती? अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित." माझे यजमान १९८६ साली घर सोडून गेले. दुसऱ्या राज्यात त्यांचा संसार आहे, असं कानावर येतं. घटस्फोट झालेला नाही. त्यांनी मागितला नाही, मीही गेले नाही. वन्सं मात्र भावाकडे न जाता माझ्याकडे राहिल्या. सरकारी अर्जांत माझ्यासारख्या बाईसाठी 'परित्यक्ता' असा रकाना असतो. तो शब्द मला प्रिय आहे असं नाही, पण रकाना असतो. तुमच्या चारांत मी कुठे जाऊ? अविवाहित नाही. घटस्फोटित नाही. विधवा म्हणू, तर जिवंत माणसाला मारू?

"मॅडम, एक तर लावाच लागते," मुलगी काकुळतीनं म्हणाली. "नाही लावलं तर स्क्रीन पुढे नाही जाऊन राहिली." तिच्या त्या एका वाक्यावरून कळलं की पोरगी आपल्याच भागातली, वर्धा-यवतमाळकडची असावी. म्हटलं, लाव विवाहित. कायद्यानं ते खरं आहे.

पण ते बटण दाबल्याबरोबर स्क्रीन वेगळ्या वाटेला लागला. पती सोबत राहतात का? नाही. का राहत नाहीत : नोकरी किंवा कामानिमित्त बाहेरगावी, उपचारासाठी, मुलाकडे राहतात? हे तीनच. मी म्हटलं, यातलं काहीच नाही. ती म्हणाली, सगळ्यांत जवळचं सांगा. मी गप्प बसले, तिनं पहिलं लावलं. मग विचारलं, ते दरमहा पैसे पाठवतात का? नाही. शेवटचे घरी कधी आले होते : गेल्या महिन्यात, गेल्या सहा महिन्यांत, गेल्या वर्षभरात? मला हसू फुटलं. वन्संनी विचारलं, "काय म्हणते?" मी सांगितलं, तुमचा भाऊ शेवटचा कधी आला विचारते. त्या म्हणाल्या, "सांग तिला, येईल तेव्हा आम्हीच फोन करू." मुलीनं 'माहीत नाही' लावलं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाला एक पर्याय कमी होता, तर त्यामागून चार गैरलागू प्रश्न रांगेनं आले. आम्ही कागदावर फॉर्म भरायचो तेव्हा चूक त्या रकान्यातच राहायची. तुमच्या संगणकात प्रत्येक उत्तर पुढचा रस्ता ठरवतं. 'विवाहित' म्हटलं की नवऱ्याचे प्रश्न उघडतात. 'विधवा' म्हटलं असतं तर विधवा पेन्शनचे उघडले असते. आणि कोणत्याही रस्त्यावरून मागे फिरून 'अहो, मी चुकीच्या गल्लीत आले' असं म्हणायची सोय नाही. नवरा सोडून गेलेल्या बाईला विचारण्यासारखे प्रश्न कितीतरी आहेत. घर कोणाच्या नावावर, रेशनकार्डावर नाव कोणाचं, बँकेत वारस म्हणून कोण. त्यांतला एकही मला विचारला गेला नाही, कारण त्या गल्लीचं दारच बांधलेलं नव्हतं.

आणि माझ्यासारख्या चार-दोनच असतील, असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त वेगवेगळे मोजले गेले. घटस्फोटित निघाले सुमारे साडेतेरा लाख. घटस्फोट न घेता वेगळे राहणारे त्यांच्या अडीच पटींहून जास्त. तुमच्या यादीत थोड्यांसाठी जागा आहे आणि त्यांच्या अडीच पट असलेल्यांसाठी नाही. हा आकडा उघड छापलेला आहे. पर्याय लिहायला बसण्यापूर्वी कोणी पाहिला असता, तर माझे यजमान वयाच्या पंचाहत्तरीत नोकरीनिमित्त परगावी गेले नसते.

कामाच्या प्रश्नावर फार वेळ घेत नाही, पण एक सांगायचंच आहे. "सध्या काय करता? एकच सांगा." निवृत्त, असं मी म्हटलं आणि विषय संपला. माझा दिवस विचाराल तर पहाटे वन्संना उठवून बसवण्यापासून सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तोंड धुवायला वॉकरवर न्यायचं, दहा पावलांना मध्ये एकदा थांबायचं, डावा पाय मागे अडकला की वाकून हातानं पुढे ठेवायचा. आंघोळ, व्यायाम, जेवण, औषधं. संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं गणितं घेऊन येतात. 'दुसऱ्या कोणाची जबाबदारी आहे का' हा प्रश्न तुमच्याकडे होता, पण त्याखालचे पर्याय होते 'लहान नातवंडं' आणि 'आजारी पती'. ७८ वर्षांच्या नणंदेला ७१ वर्षांची भावजय सांभाळते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कोण सांभाळतं तेवढं तुम्ही विचारता. म्हातारं माणूस कोणाला सांभाळतं, हे नातवंडांच्या पलीकडे जात नाही.

१९९१ च्या जनगणनेत मी काटोल तालुक्यातल्या एका गावात होते. 'गेल्या वर्षी काम केलं का' या प्रश्नाला त्या वर्षी कंसात एक ओळ जोडलेली होती : शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपैशाचं काम धरून. बायकांचं काम गणतीतून सुटतं, म्हणून ती मुद्दाम घातली होती. कंसाशिवाय विचारलं की बाई म्हणायची, "काही नाही बाई, घरीच राहतो." कंस वाचला की तीच म्हणायची, "वावरात तं जातो नं. निंदण, वेचणी, संत्र्याचा तोडा, सबन करतो." बाई तीच, उंबरठा तोच, मधे फक्त एका ओळीचा फरक. मात्र ती ओळ वाचायला कंटाळलेले प्रगणकही होते, आणि त्यांच्या गावातल्या सगळ्या बायका घरीच बसलेल्या निघाल्या. हल्ली सरकारचंच वेळेच्या वापराचं सर्वेक्षण होतं, २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर झालं. त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून घेतात. फोनवर तेवढं जमणार नाही, मान्य. पण 'एकच सांगा'ऐवजी 'यांपैकी जे जे करता ते सांगा' एवढं तर जमेल.

आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी बहुधा सगळा खटाटोप होता. "रात्री अचानक तब्येत बिघडली, तर तुम्हाला दवाखान्यात कोण नेईल?" पर्याय : पती, मुलगा, सून, मुलगी, जावई, शेजारी, घरकामगार, कोणीही नाही.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अंदाजानं नव्हतं, घडलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वन्संना दरदरून घाम सुटला आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. मी जिन्यातून हाक मारली. वरची मुलगी उतरली, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ४८. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून तिनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून थोडी थोडी पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली, पुन्हा पाजली, आणि मग ओळखीचा ऑटो बोलावून आम्ही तिघी मेडिकल हॉस्पिटलला गेलो. मी तर नुसती उभी होते, चमचा कोणता घेऊ तेही सुचत नव्हतं. उद्या मला काही झालं तरी हीच मुलगी नेईल. ती पती नाही, मुलगा नाही, सून नाही. शेजारी म्हणावं तर आमच्याच घरात राहते. घरकामगार तर नाहीच.

"इतर आहे का गं?" मी विचारलं. आहे, म्हणाली, पण तिचा आवाज पडला. इतर लावलं की शब्दांत टाइप करावं लागतं, टाइप केलं की कॉल लांबतो, आणि फार 'इतर' झाले की सुपरवायझर बोलावून विचारतात, तुला नीट विचारता येत नाही का? "आणि मॅडम, आधी त्या सदस्य नाही पकडल्या नं. आता त्या नेतील म्हटलं तर वर-खाली जुळणार नाही." मग तिनं यादी पुन्हा एकदा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी कानात राहिलं ते 'कोणीही नाही'. माझी हरकत निघण्यापूर्वी पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

ते शेवटचं कानात राहणंही साधं नाही. कागदावर यादी वाचताना माणूस वरच्या पर्यायांवर थांबतो. कोणी वाचून दाखवली की शेवटचे एक-दोनच लक्षात उरतात. तुमच्या धंद्यातल्यांना हे जुनं माहीत आहे. मग आठ पर्यायांच्या यादीत 'कोणीही नाही' कायम शेवटी ठेवून ती ७० आणि ८० वर्षांच्या माणसांना फोनवर का ऐकवता? क्रम प्रत्येक कॉलला बदलता येतो. त्याहून चांगलं म्हणजे यादी वाचूच नये. "कोण नेईल?" एवढंच विचारावं, माणूस जे सांगेल ते ऐकावं आणि यादी फक्त भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असावी.

पर्याय कुठून आणायचे, हे मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. योग्य पर्याय निवडा हा प्रश्न आम्ही आयुष्यभर काढला. नवा मास्तर चुकीचे पर्याय खुर्चीत बसून मनानं रचतो, आणि पोरं ते बघून हसतात. जुना मास्तर गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढतो, पोरं खरोखर काय चुकतात ते पाहतो आणि तेच पर्यायात घालतो. तुमचंही तसंच हवं. आधी पन्नास-साठ माणसांना प्रश्न मोकळा विचारा, पर्यायांशिवाय. ती पन्नास-साठ माणसं एकाच मोठ्या शहरातली आणि एकाच जातीपातीची नकोत. नागपुरातली घ्या, काटोलची घ्या, गडचिरोलीतल्या कोरचीची घ्या. त्यांच्या तोंडचे शब्द मांडा आणि त्यातून यादी बांधा. मग ती यादी आणखी काही जणांना वाचून विचारा, तुम्हाला हा प्रश्न काय समजला ते तुमच्या शब्दांत सांगा. माझ्या वन्संना तुम्ही 'कुटुंबातील सदस्य' म्हटलंत, तर त्या घरातल्या तिघी सांगतीलच, शिवाय गावी असलेले पुतणेही धरतील. हे आधी कळलं, तर पुढचं निस्तरता येतं.

आणि 'इतर' या रकान्याला शत्रू समजू नका. एखाद्या प्रश्नाला 'इतर' खूप आले, तर यादी अपुरी आहे. पण हजारो लोकांना विचारूनही 'इतर' जवळजवळ शून्य आले, तर खूश होण्याचं कारण नाही. कोणीतरी माणसं दाबून बसवली आहेत. ओळखायचं कसं? एकाच प्रश्नाला फोन करणाऱ्या वेगवेगळ्या मुलामुलींचे 'इतर' किती, ते शेजारी-शेजारी मांडून पाहा. एकीचे भरपूर आणि दुसरीचे शून्य असले, तर तो फरक लोकांतला नाही, विचारणाऱ्यांतला आहे. मग ज्या मुलीचे 'इतर' जास्त, तिला झापण्याऐवजी तिचे कॉल आधी ऐका. बहुतेक तीच नीट ऐकून घेत असेल.

माझी ओळ तपासायला तर तेवढीही मेहनत नको. बाई ७१ वर्षांची, नवरा कामासाठी बाहेरगावी, पैसे पाठवत नाही, शेवटचा कधी आला ते बाईलाच माहीत नाही. हे चार रकाने एकत्र वाचले, तर पाचवीतलं पोरही म्हणेल, बाई, इथे काहीतरी गडबड आहे. संगणकाला तर सांगूनच ठेवता येतं की असे चार रकाने एकत्र दिसले की थांब आणि कोणाला तरी दाखव. ते सांगितलेलं नाही, म्हणून माझी ओळ सरळ पुढे गेली. उद्या कुठल्या तरी अहवालात 'विवाहित असूनही आधार नसलेल्या वृद्ध महिला' अशा मथळ्याखाली मी एक टिंब होणार. त्यावरून कोणी योजना आखली, तर नवऱ्यांनी पैसे पाठवावेत म्हणून जनजागृती होईल. वरच्या खोलीतल्या मुलीसारख्यांचा विचार मात्र कोणी करणार नाही. ती तुमच्या लेखी आमच्या घरात नाही, आणि तिच्या गावच्या घरी फोन केलात तर तिथेही तिला 'शिकायला बाहेर' म्हणून वगळाल. कोणाच्या यादीत नसलेली ती पोरगी रोज रात्री आठ वाजता सिरिंज घेऊन खाली येते.

शेवटी एक हास्यास्पद प्रश्न होता, "तुम्हाला एकटेपणा जाणवतो का : नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही?" घरात वन्सं, वरची पोरगी, संध्याकाळी गल्लीतली वानरसेना. मी म्हटलं, थोडा मिळाला तर बरं होईल. त्याला रकाना नव्हता. 'कधीच नाही' लावलं. तेवढं एक बरोबर लागलं.

तर आता माझी मागणी. कॉलच्या शेवटी मला नोंद क्रमांक सांगितला गेला आहे, तो मी वेगळ्या पत्रानं संस्थेकडे पाठवत आहे. माझी ओळ खोडू नका. वैवाहिक स्थिती, सदस्यसंख्या आणि दवाखान्यात कोण नेईल, हे तीन रकाने पुन्हा विचारून दुरुस्त करा, आणि दुरुस्ती का करावी लागली ते प्रश्नावली करणाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा, तेव्हा वन्सं झोपलेल्या असतात. शक्य असेल तर त्याच मुलीला करू द्या, आणि तिचा पहिला कॉल चाळीस मिनिटांचा का झाला म्हणून तिच्या पगारातून काही कापलं असेल, तर ते परत द्या. वन्संचीही मुलाखत घ्यायची असेल तर घ्या. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, फोन डाव्या कानाला लावावा लागेल, आणि चारच्या वर पर्याय वाचलेत तर त्या तुम्हालाच उलटे प्रश्न विचारतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नागपूर